दहापैकी आठ की पाचापैकी चार?

मंडळी, मागच्या व्याख्यानात प्रमाणांबद्दल बोलताना आम्ही सहज म्हणून गेलो, की मार्क हेसुद्धा एक विधानच आहे आणि त्यालाही पुरावा लागतो. खाली उतरलो तर दोन शिक्षक आणि एक पालक जिन्यापाशी थांबलेले. तिघांचं म्हणणं एकच. हल्ली विद्यार्थी मोबाईलवर उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवतात आणि विचारतात, 'सर, किती पडतील?' प्रश्नपत्रिका सोबत नसते, प्रश्न किती गुणांचा ते माहीत नसतं, आदर्श उत्तर कुणी दिलेलं नसतं. मग काय सांगायचं? आज त्याच्यावरच बोलू. आमचीच एक चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

धुळ्याकडची एक मुलगी. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीतली. तत्त्वज्ञानाच्या पेपरात कमी गुण पडले म्हणून तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती. हा हक्क आता पक्का आहे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याच्या अर्थानं माहितीच आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. 1990 मध्ये जळगावला विद्यापीठ झालं, त्याआधी आमच्या खानदेशातल्या कॉलेजांचे पेपर पुणे विद्यापीठाचे, आणि निकाल म्हणजे आकाशवाणी! आली ती ऐकायची.

तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरायची ती शेवटची संध्याकाळ. मुलीनं एका उत्तराचे दोन फोटो पाठवले. पोर हुशार. परीक्षकाचे गुण बघून आमचं मत बनू नये म्हणून तिनं समासावर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढले होते. खाली लिहिलेलं, 'सर, कितला मार्क भेटतीन?' आम्ही चष्मा लावला, वाचलं आणि फोनवर सांगितलं, 'सात-आठ तरी पडायला हवेत.' कशापैकी, ते तिनं विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. पट्टीखाली आकडा होता 4. तिला वाटलं, निम्मेच दिले. कापूस वेचून साठवलेल्या पैशांतून तिनं फी भरली.

आता ते उत्तर बघू. वर 'प्र. 3 (ब)' एवढंच. प्रश्न लिहिलेला नाही, पण उत्तरावरून तो ओळखू येतो: न्यायदर्शनातलं पंचावयवी अनुमान स्पष्ट करा. नियमित श्रोत्यांना हे ठाऊक आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवायची तर नैयायिक पाच वाक्यं बोलतो. प्रतिज्ञा म्हणजे काय सिद्ध करायचं ते. हेतू म्हणजे कारण. उदाहरण म्हणजे सर्वसाधारण नियम आणि त्याचा एक माहितीतला दाखला. उपनय म्हणजे तो नियम समोरच्या प्रसंगाला लावणं. आणि निगमन म्हणजे निष्कर्ष. पोथीत डोंगर, धूर आणि स्वयंपाकघर असतं. या मुलीनं डोंगर घेतला लळिंगचा, आणि आम्हाला तिथेच बरं वाटलं.

तिनं लिहिलं होतं. प्रतिज्ञा: लळिंगच्या डोंगरावर आग आहे. हेतू: कारण तिथे धूर दिसतो. उदाहरण: जठे धूर तठे आग, जशी वीटभट्टीवर. उपनय: म्हणून लळिंगच्या डोंगरावर आग आहे. पाचवी ओळ फोटोत कापली गेली होती. 'निगमन' हा शब्द अर्धा दिसतो, पुढच्या अक्षरांच्या नुसत्या शिरोरेषा. दुसऱ्या फोटोत शेवटचा परिच्छेद होता. त्यात स्वार्थानुमान आणि परार्थानुमान ही नावं बरोबर, पण दोन्हीकडे पाचही अवयव लागतात, असं विधान. ते चूक आहे. स्वतःपुरतं अनुमान करताना पाच वाक्यं कोण बोलतो? धूर दिसला, आग कळली, संपलं. पाच वाक्यं लागतात ती दुसऱ्यासाठी.

त्या संध्याकाळी आम्ही काय केलं? उत्तर वाचलं, आवडलं, आणि आवडीचा आकडा केला. दहाचा आकडा डोक्यात होता, कारण आम्हा शिक्षकांच्या डोक्यात तो कायमच असतो. हे गुणदान नव्हे, ही दाद झाली. गाण्याच्या बैठकीत चालते.

मग करायचं काय होतं? उत्तर वाचण्याआधी आपणच एक आदर्श उत्तर लिहून त्याची विभागणी करायची. आधी, हे महत्त्वाचं. वाचल्यानंतर केलेली विभागणी समोरच्या उत्तराच्या मापानं बेतली जाते. त्यात जे छान आहे त्याला आपण नकळत जास्त वजन देतो. या प्रश्नाला दहा गुण धरले, तर आम्ही आज अशी वाटणी करू: पाच अवयवांना नाव आणि वाक्यासह एकेक, म्हणजे 5. नियम म्हणजे व्याप्ती, आणि दाखला, यांना मिळून आणखी 2. पाच वाक्यं कुणासाठी आणि का, याला 2. आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत नीट चालवल्याबद्दल 1. दोन वाक्यांची नावं आपसात बदलली तर एक गुण जाईल, दोन नाही, हेही आधीच लिहून ठेवायचं.

आता मोजा. पहिले तीन अवयव बरोबर, 3. व्याप्ती आणि वीटभट्टी, 2. ती ओळ अहिराणीत आहे म्हणून काही कापायचं का? आमच्या वाटणीत भाषेला गुण नाहीत, तर भाषेपायी कापायचाही हक्क नाही. ज्याला कापायचे त्यानं आधी ठेवावेत. शेवटच्या परिच्छेदाला दोनापैकी 1, लळिंग शेवटपर्यंत टिकलं त्याचा 1. झाले 7. उपनयाच्या नावाखाली मात्र निगमनाचं वाक्य आहे. म्हणजे सगळं त्या कापलेल्या ओळीवर आलं. तिथे निष्कर्षच पुन्हा लिहिला असेल, तर निगमनाचा एक गुण मिळून 8. तिथे उपनयाचं वाक्य असेल, तर नुसती नावं बदलली, दोनातला एक गेला, पुन्हा 8. ओळ कोरी असेल तर 7. म्हणून प्रामाणिक उत्तर असं होतं: 'दहापैकी धरले तर सात किंवा आठ, आणि ते पाचव्या ओळीवर अवलंबून.'

फोटोची ही गोम लक्षात ठेवा. न दिसलेलं म्हणजे न लिहिलेलं नव्हे, आणि 'मुलगी हुशार आहे, लिहिलंच असेल' असंही नव्हे. कागदाचे चारही कोपरे दिसत नसतील तर दुसरा फोटो मागवायचा. एवढं सोपं, पण आम्ही केलं नाही.

खरी अडचण मात्र याच्या पुढे आहे. तुम्ही म्हणाल, दहापैकी आठ म्हणजे पाचापैकी चार, पंधरापैकी बारा. त्रैराशिक मांडलं की झालं. इथेच बहुतेक जण फसतात. एकूण गुण हा नुसता गुणाकाराचा आकडा नाही. प्रश्नानं किती मागितलं आहे, हे तो सांगतो. हाच प्रश्न पाच गुणांचा असेल तर परीक्षक पाच अवयव पाहील आणि थांबेल. शेवटच्या परिच्छेदातली चूक तिथे मोजलीच जाणार नाही, आणि वीटभट्टीचं कौतुकही नाही. मग मुलीला पाचापैकी तीन किंवा चार. पण तोच प्रश्न पंधरा गुणांचा असेल तर आणखी काहीतरी अपेक्षित असणार. मीमांसक तीनच अवयव पुरे म्हणतात ते का, किंवा अ‍ॅरिस्टॉटलच्या तीन वाक्यांच्या संवाक्याशी तुलना. यातलं तिनं एक अक्षर लिहिलेलं नाही. आधीचे सात-आठ तसेच राहतील, आता पंधरापैकी, म्हणजे जेमतेम निम्मे. उत्तर तेच, शाई तीच. एकीकडे चांगलं, दुसरीकडे अपुरं.

म्हणून एकूण गुण माहीत नसतील तर आधी ते शोधायचे. खुणा असतात हो! 'प्र. 3 (ब)' ही मोठीच खूण होती. (ब) आहे म्हणजे (अ) आहे, म्हणजे प्रश्न तोडलेला आहे आणि वाट्याला थोडेच गुण आले असणार. सव्वा पान उत्तर, हीसुद्धा खूण, पण कच्ची. मोठं अक्षर असलं की दोन पानं भरतात. खुणांवरून ठरलं नाही तर दोन वेगळ्या वाटण्या करून दोन उत्तरं द्यायची. त्यांची सरासरी मात्र काढायची नाही.

कुणी म्हणेल, एवढा काटेकोरपणा तत्त्वज्ञानासारख्या विषयात कशाला, गणितात ठीक आहे. तर एक जुनी गोष्ट ऐका. अमेरिकेत 1912-13 मध्ये स्टार्च आणि एलियट या दोघांनी एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभरावर शिक्षकांना तपासायला दिल्या. इंग्रजीच्या पेपरात गुण खूप वेगवेगळे पडले. लोक म्हणाले, भाषाच ती, पडणारच. म्हणून त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला, तर तिथे फरक आणखी मोठा! त्याच एका पेपराला कुणी शंभरात तिसाच्या आत दिले, कुणी नव्वदीच्या वर. कुणी रीतीला गुण दिले, कुणी फक्त उत्तराला, कुणी नीटनेटकेपणाचे कापले. प्रत्येकाच्या मनात वाटणी होती, पण ती एक नव्हती आणि लिहिलेली नव्हती. आम्ही मॉडरेशनच्या टेबलावर वर्षानुवर्षं हेच पाहिलं आहे. तिथे दोन परीक्षकांत भांडण होतं ते बहुतेक वेळा उत्तरावरून नसतं, न लिहिलेल्या वाटणीवरून असतं.

परीक्षकाचा आकडा झाकून पाठवायची त्या मुलीची युक्ती मात्र सगळ्यांनी उचलावी. आकडा दिसला की आपण त्याच्या आसपासच घुटमळतो. फक्त झाकायचा तो मिळालेला आकडा, प्रश्नाचा नव्हे. प्रश्नपत्रिकेचा फोटो सोबत हवाच, आणि तो न मागणं ही आमची चूक, तिची नाही.

अर्जाचा निकाल आला, गुणांत बदल नाही. मग तिनं मैत्रिणीकडून प्रश्नपत्रिका मिळवली आणि दोन्ही पानांचे पूर्ण फोटो पाठवले. प्रश्न 3 (ब), गुण 5. आणि कापली गेलेली ओळ अशी होती: 'निगमन: लळिंगच्या डोंगरावरही तसाच धूर आहे.' म्हणजे नावं बदलली होती. पाचही वाक्यं हजर, दोन एकमेकांच्या जागी. आमच्याच वाटणीनं पाचापैकी चार.

फीचे पैसे परत घे म्हणून आम्ही दोनदा सांगितलं. ती नाही म्हणाली. तिनं उलट विचारलं, 'सर, उपनय आणि निगमन यांतला फरक पुन्हा एकदा सांगाल का?' तो आम्ही वीटभट्टीवरूनच सांगितला.