‘२२० वजा वय’ : एका सूत्राची चिकित्सा

हृदयाच्या कमाल गतीचे ‘२२० वजा वय’ हे सूत्र मी संहितेसारखे वाचतो. म्हणजे आधी त्याचा उगम पाहतो. १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हास्केल यांच्या लेखात ते येते. रॉबर्ग्ज आणि लँडवेर यांनी २००२ मध्ये त्याचा माग काढला. त्यामागे स्वतंत्र प्रयोग नव्हता. निरनिराळ्या अभ्यासांतले सुमारे ३५ बिंदू पाहून नजरेने ओढलेली ती रेषा होती. तनाका आणि सहकाऱ्यांचे २००१ चे सूत्र (२०८ वजा वयाची ०.७ पट) अधिक भक्कम पायावर उभे आहे. तरी पन्नाशीला पहिले १७० सांगते, दुसरे १७३. माझा आक्षेप या तीन ठोक्यांवर नाही.

रेषा सरासरीची असते. एकाच वयाची माणसे तिच्यापासून सहज दहा ठोके, काही जण वीसही, वर-खाली असतात. समजा, पन्नाशीच्या दोघांची खरी कमाल गती १८८ आणि १५२ आहे. तक्ता दोघांनाही १७० च्या ८५ टक्के, म्हणजे १४५ ठोक्यांवर धावायला सांगतो. पहिल्याच्या कमाल गतीच्या ते ७७ टक्के, दुसऱ्याच्या ९५. पहिला बोलत धावेल, दुसऱ्याचे वाक्यही पुरे होणार नाही. म्हणून दुसरा दुबळा ठरत नाही. सरावाने एका ठोक्यात ढकलले जाणारे रक्त वाढते. कमाल गती फारशी हलत नाही.

खरा आकडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ट्रेडमिलचा वेग व चढ वाढवत पार थकेपर्यंत धावल्यावरच कळतो. तोवर तक्त्यापेक्षा स्वतःच्या श्वासावर विश्वास ठेवावा.