पायऱ्या सगळ्या, पण गाडी उलटी

पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाचा स्क्रीनशॉट काढायचा आणि त्याखाली 'सर्व पायऱ्यांसह' उकल लिहून वर्गाच्या गटावर पाठवायची, ही पद्धत आता रुळली आहे. अशा उकलीत नेमके काय तपासावे, हे पाहण्यासाठी गतीच्या प्रकरणातले एक परिचित धर्तीचे उदाहरण घेऊ.

स्क्रीनशॉटमध्ये एवढेच दिसते : '(आ) ताशी ७२ किमी वेगाने जाणाऱ्या गाडीचे ब्रेक दाबले असता तिला ४ मी/से² इतके ऋण त्वरण मिळते. ब्रेक दाबल्यापासून ८ सेकंदांत ती किती अंतर जाईल?'

खालची उकल नीटनेटकी आहे. आधी एककांचे रूपांतर : ताशी ७२ किमी म्हणजे २० मी/से. मग दिलेली माहिती : u = २०, a = −४, t = ८. मग सूत्र : s = ut + ½at². पुढे किमती घालून :

s = २० × ८ − ½ × ४ × ६४ = १६० − १२८ = ३२

उत्तर, ३२ मीटर. सूत्र बरोबर, चिन्ह बरोबर, गुणाकार बरोबर, एककही लिहिलेले. पायऱ्यांना गुण देणारा परीक्षक शेवटच्या ओळीपर्यंत कुठेही लाल शाई वापरणार नाही. तरीही उत्तर चूक आहे.

चूक कशी ओळखायची? त्याच माहितीवर दुसरे समीकरण लावून पाहावे. v = u + at यानुसार ८ सेकंदांनंतरचा वेग २० − ३२ = −१२ मी/से येतो. म्हणजे गाडी मागे धावते आहे! १० सेकंद घेतले तर अंतर २०० − २०० = ० येते; गाडी जिथे ब्रेक दाबला तिथे परत येऊन पोचते. ब्रेक दाबल्याने गाडी मागे जात नाही, हे सांगायला विज्ञानाच्या पुस्तकाची गरज नाही.

खरे पाहता गाडी २० ÷ ४ = ५ सेकंदांतच थांबते. तोवर तिने कापलेले अंतर २० × ५ − ½ × ४ × २५ = ५० मीटर. उरलेले ३ सेकंद ती उभी असते, म्हणून उत्तर ५० मीटर. मग ३२ आले कुठून? सूत्राने त्या ३ सेकंदांतही −४ हे त्वरण चालूच धरले आणि गाडीला ½ × ४ × ९ = १८ मीटर मागे नेले. ५० मधून १८ गेले, ३२ उरले. वेग-काळ आलेख काढला तर हे डोळ्यांनीच दिसते : रेषा ५ सेकंदांवर अक्षाला टेकते, आणि उकल करणाराने ती तशीच खाली ओढली आहे.

इथे चौकस विद्यार्थी विचारील, की वर फेकलेल्या दगडाला हेच सूत्र लावताना आपण मध्ये थांबत नाही, ते कसे? २० मी/से वेगाने दगड वर फेकला आणि g = १० धरले, तर ३ सेकंदांनी s = ६० − ४५ = १५ मीटर आणि v = −१०. हे उत्तर बरोबर आहे. वेग ऋण, म्हणजे दगड खाली येत आहे. फरक गणितात नाही, बलात आहे. दगड माथ्यावर क्षणभर थांबतो तेव्हाही गुरुत्वबल त्याला खाली ओढतच असते. ब्रेकमुळे मिळणारे घर्षण मात्र गतीला विरोध करते. सपाट रस्त्यावर गती संपली की ते बलही संपते आणि त्वरण शून्य होते. सूत्र स्थिर त्वरणासाठी आहे, आणि गाडीचे त्वरण पाचव्या सेकंदाला बदलते.

आमचा आक्षेप आहे तो इथे. 'सर्व पायऱ्या' म्हणून जे लिहिले, त्यात सूत्र का लावता येते ही पायरीच नाही. उकलीत फक्त एक ओळ जास्त हवी होती : 'गाडी ५ सेकंदांत थांबते, म्हणून t = ५ घेऊ.' ती ओळ लिहिणारा विद्यार्थी गाडीचा विचार करतो. न लिहिणारा अक्षरांच्या जागी आकडे भरतो.

स्क्रीनशॉटचा दोषही यात आहे. प्रश्नाच्या डावीकडे (आ) हे अक्षर आहे, म्हणजे वर (अ) असणार, आणि तो चित्रात कापला गेला आहे. अशा जोडप्रश्नात (अ) बहुधा 'गाडी थांबण्यास किती वेळ लागेल?' हाच असतो. पुस्तकाने ठेवलेला इशाराच कात्रीत सापडला. म्हणून असा प्रश्न हाती आला की उकलीआधी पुस्तकाचे ते पान उघडावे, आणि उकल संपल्यावर v ची किंमत काढून पाहावी. गाडीच्या उदाहरणात ती ऋण आली, तर वरच्या सगळ्या पायऱ्या खोडून t पासून पुन्हा सुरुवात करावी.