वितळणारा बर्फ आणि न म्हातारा होणारा अणू

विज्ञानप्रसारासाठी दिल्या जाणाऱ्या एका फेलोशिपकरिता लिहिलेले निवेदन नुकतेच आमच्या वाचनात आले. उमेदवाराच्या संमतीने, नाव न देता, त्याचा येथे विचार करीत आहोत. आपल्या वाचकांपैकी अनेकांना, विशेषतः वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना, असे निवेदन पुढेमागे लिहावे लागेल.

निवेदनात चार परिच्छेद आहेत. पहिल्या तीनांत विज्ञानाची आवड, समाजाची गरज आणि ‘अवघड कल्पना सोप्या करून सांगण्याची हातोटी’ यांचा उल्लेख येतो. पण हातोटी आहे असे म्हटल्याने ती सिद्ध होत नाही. ती दिसते फक्त चौथ्या परिच्छेदात. तेथे उमेदवाराने कार्बन-14 वरून प्राचीन वस्तूचे वय कसे काढतात हे समजावले आहे. सारांश असा: बर्फाचा खडा जसा हळूहळू वितळतो तसे मृत वस्तूतले कार्बन-14 कमी होत जाते, 5,730 वर्षांत ते निम्मे उरते, म्हणून उरलेल्यावरून वय कळते.

वाक्ये सुटसुटीत आहेत, अवघड शब्द नाही. तरीही हे स्पष्टीकरण वाचकाला चुकीच्या वाटेने नेते.

बर्फाचा खडा काही वेळाने पूर्ण संपतो. साहजिकच वाचक हिशेब करील, की निम्मे 5,730 वर्षांत गेले, तर उरलेले निम्मे पुढच्या 5,730 वर्षांत जाईल. प्रत्यक्षात 11,460 वर्षांनंतर चौथा हिस्सा शिल्लक असतो. ही चूक किरकोळ नाही. समजा, उत्खननात मिळालेल्या जळक्या धान्यात 65 टक्के कार्बन-14 उरले आहे. बर्फाच्या हिशेबाने त्याचे वय 4,011 वर्षे येते, तर योग्य हिशेबाने सुमारे 3,560. म्हणजे साडेचारशे वर्षांचा फरक! पुणे जिल्ह्यातील इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती साधारण याच काळातली. तेथे एवढ्या फरकाने वस्तीचा सगळा कालक्रम विस्कटेल.

दुसरे असे, की बर्फ उन्हात लवकर वितळतो. कार्बन-14 चा ऱ्हास मात्र थंडी-उन्हाला जुमानत नाही आणि म्हणूनच त्याचा घड्याळासारखा उपयोग होतो. उपमेने नेमका मुद्दाच झाकून टाकला.

त्याऐवजी अर्धे केलेले चिंचोके घ्यावेत. शंभर चिंचोके फेकावेत, पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढावेत आणि उरलेले पुन्हा फेकावेत. दर फेकीला ठरावीक संख्या नव्हे, तर साधारण ठरावीक हिस्सा कमी होतो. आणि दहा वेळा वाचलेला चिंचोका अकराव्या फेकीला अधिक ‘थकलेला’ नसतो. अणूचेही तसेच आहे. तो म्हातारा होत नाही. ही उपमा कोठे थांबते तेही सांगावे: चिंचोका बाजूला काढला जातो, कार्बन-14 चा अणू मात्र नायट्रोजनचा अणू होतो, आणि अणूंचा ऱ्हास फेरीफेरीने नव्हे, सतत होत असतो.

चौथ्या परिच्छेदातील मोठी उणीव याहून वेगळी आहे. सामान्य वाचकाचा पहिला प्रश्न असा असतो: सुरुवातीला किती होते, हे कसे कळले? निवेदनात याचे उत्तर नाही. विश्वकिरणांमुळे वातावरणात कार्बन-14 सतत तयार होत असते. वनस्पती ते हवेतून घेतात, प्राणी वनस्पतींतून. जिवंतपणी साठा भरला जात असतो. मृत्यूनंतर भरणे थांबते आणि मोजणी सुरू होते. म्हणून सुरुवातीचे प्रमाण हवेतल्या प्रमाणाइतके धरतात. तेही शतकानुशतके अगदी स्थिर नव्हते. म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांशी ताळा घेऊन वयात दुरुस्ती करतात.

शेवटी मर्यादा. नऊ अर्धायुष्यांनंतर, म्हणजे 51,570 वर्षांनी, 512वा हिस्सा उरतो आणि मोजणे दुरापास्त होते. डायनोसॉर नाहीसे झाले सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. त्यांच्या हाडांचे वय या रीतीने निघत नाही. हे एक वाक्य निवेदनात असते, तर लेखकाला विषयाची हद्द ठाऊक आहे असे परीक्षकाला कळले असते.

आमचे मत असे, की पहिले तीन परिच्छेद दोन ओळींत आटोपावेत आणि सारी जागा चौथ्याला द्यावी. पाठवण्यापूर्वी तो परिच्छेद विज्ञानाशी संबंध नसलेल्या एखाद्या वाचकाच्या हाती द्यावा. मात्र ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण उत्तर हमखास ‘हो’ येते. ‘11,460 वर्षांनी किती उरेल?’ असे विचारावे. ‘काहीच नाही’ असे उत्तर आले, तर दोष वाचकाचा नसून उपमेचा आहे.