गॅझेटियर नको, होडीची वेळ सांगा

भाषा-मॉडेलकडून मालिकेसारखी कथा लिहून घेणाऱ्यांचे प्रॉम्प्ट हल्ली वाचवत नाहीत. गाव चार घरांचं, पण त्याचा इतिहास शिलाहारांपासून सुरू. देवळाच्या कळसाची उंची, जत्रेची दंतकथा, मातीचा रंग, सगळं आहे. दहाव्या प्रसंगात मात्र पाटलांची विहीर वाड्याच्या मागून उठून पुढच्या दारी येते आणि मेलेला म्हातारा ओटीवर सुपारी कातरत बसतो. नुसत्या विशेषणांवर वातावरण उभं करणाऱ्या प्रॉम्प्टबद्दल तर बोलायलाच नको.

स्टॅनफर्डच्या मंडळींनी 2023 मध्ये स्मॉलव्हिल नावाचं, भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या 25 पात्रांचं गाव चालवलं. त्यातली पार्टी सगळ्यांना आठवते. मला आठवतं ते तिथलं न्हाणीघर. वसतिगृहातलं ते न्हाणीघर एकाच माणसापुरतं होतं, तरी आत कुणी असताना दुसरं पात्र खुशाल शिरायचं. वसतिगृह म्हटलं की न्हाणीघर सामायिक, हा मॉडेलचा सर्वसाधारण समज. संशोधकांनी सुचवलेला उपाय साधा होता: जागेच्या नावातच ‘एका माणसाचं’ असं म्हणा. म्हणजे जागेच्या वर्णनापेक्षा तिथे काय करता येतं आणि काय येत नाही, हे आधी लिहायला हवं. हल्लीच्या चांगल्या कामाची दिशा हीच आहे, आणि मी तिच्याच बाजूचा आहे.

खाडीकाठचं एक कल्पित गाव घ्या. न बदलणाऱ्या गोष्टींच्या कागदावर पाचसहा ओळी पुरतात. बाजारपेठ पलीकडच्या काठाला. जायला एकच होडी. ओहोटीला होडी धक्क्याला लागत नाही, चिखलात रुतते. रात्री उजेड रॉकेलच्या कंदिलांचा. ‘गावात वीज नाही’ एवढंच लिहिलंत, तर पुढे कुठेतरी पंखा फिरू लागण्याची शक्यता राहते. कंदील लिहिलात की रिकामी जागाच उरत नाही. दुसरा कागद रोज बदलणारा. सोमवार, ओहोटीचा तळ दुपारी तीनला. होडी अलीकडच्या धक्क्याला. काशीचा डावा हात भाजलेला. सावकाराचं पत्र फक्त मास्तरांनी वाचलंय. मंगळवारी तळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतो. हा हिशेब मॉडेलवर सोडू नका. वेळ तुम्ही काढा आणि आयती द्या. मग तीनच्या सुमारास वैद्यांना आणायला निघालेली काशी धक्क्यावरच अडकते, आणि त्या अडकण्यातून प्रसंग उभा राहतो. प्रसंग संपला की दुसरा कागद हातानं सुधारायचा: वैद्य आले का, होडी आता कुठल्या काठाला, पत्राबद्दल आणखी कुणाला कळलं. कोण कुणाला ‘अहो’ म्हणतं आणि कोण ‘अरे’, हेही पहिल्या कागदावर हवं, नाहीतर सासऱ्याला सून तिसऱ्याच प्रसंगात अरेतुरे करते.

सिलीटॅव्हर्न, नॉव्हेलएआय यांसारख्या साधनांत नोंदवही असते. ठरलेला कळशब्द अलीकडच्या मजकुरात आला की त्याची नोंद प्रॉम्प्टमध्ये शिरते. इंग्रजीत हे बरं चालतं. मराठीत विभक्ती आडवी येते. कळशब्द ‘विहीर’ ठेवलात आणि पात्र ‘विहिरीवर’ गेलं, की नोंद गप्प, कारण यंत्र अक्षरं जुळवतं आणि इथे ‘ही’चा ‘हि’ झालेला. ‘विहिर’ हे रूपही द्यावंच लागतं. उलट होडीला कोकणात ‘तर’ म्हणतात म्हणून तोच कळशब्द ठेवलात, तर पाहायलाच नको: प्रत्येक दुसऱ्या वाक्यात होडी हजर. शिवाय ‘ती पलीकडे निघाली’ या वाक्यात होडीचं नावच नाही, मग ओहोटीची नोंद येणार कुठून? ज्या नियमावर गाव चालतं तो कळशब्दाच्या भरवशावर ठेवू नये. तो कायम डोळ्यांसमोर हवा.

‘आता संदर्भाची मर्यादा एवढी वाढलीय की अख्खं गाव आत मावतं,’ हा युक्तिवाद ऐकून कान किटले. मावतं हो! पण मजकुराच्या मधोमध ठेवलेली माहिती मॉडेलच्या हातून जास्त निसटते, हे 2023 च्याच ‘लॉस्ट इन द मिडल’ या निबंधाने दाखवलं. मॉडेल सुधारतायत, मान्य. तरी कळसाच्या उंचीशेजारी ओहोटीची वेळ लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच भावात विकलं, त्याचं काय? यातलं महत्त्वाचं कोणतं, हे मॉडेलने कशावरून ओळखावं? सारांश मॉडेलकडूनच करून घेणारा पंथ तर आणखी घातक. सारांशाचा सारांश होताना ‘काशीने आजारपणात वैद्यांना बोलावलं’ एवढं उरतं. डावा हात भाजलाय हे जातं, आणि चार प्रसंगांनी ती त्याच हाताने भाकरी थापते. मग दोष मॉडेलच्या विसरभोळेपणाला. हात भाजलाय हे ज्याने स्वतःच्या कागदावर लिहिलं नाही, त्याला ही तक्रार करायचा हक्क कुणी दिला?