परत न ठेवलेला बुश

संख्याशास्त्राच्या पेपरात पाच-सहा गुणांसाठी येणारा हा प्रश्न एकदा सावकाश वाचून पाहू. ‘एका खोक्यात २० बुश आहेत. त्यांपैकी ४ सदोष आहेत. निरीक्षक त्यांतून ५ बुश यादृच्छिकपणे, परत न ठेवता, काढून तपासतो. पाचांत एकही सदोष न आढळल्यास खोके स्वीकारले जाते. खोके स्वीकारले जाण्याची संभाव्यता काढा.’ पाच छोटी वाक्ये, एकही विशेषण वाया गेलेले नाही. परीक्षेच्या घाईत विद्यार्थ्याची नजर २०, ४ आणि ५ या आकड्यांवर उड्या मारत जाते आणि मधले ‘परत न ठेवता’ हे शब्द कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखे कुणाच्या लक्षातच येत नाहीत. या प्रश्नाचे सारे लावण्य मात्र त्याच शब्दांपाशी आहे.

ते शब्द गणितात येण्याआधी हातात येतात. लहान वर्कशॉपमध्ये बुश तपासणारा माणूस पाहिला असेल, तर आठवून पहा. हातात प्लग गेज असतो. त्याचे एक टोक ‘गो’, दुसरे ‘नो-गो’. गो बाजू बुशच्या भोकातून अलगद खाली उतरली पाहिजे आणि नो-गो बाजू तोंडाशीच अडली पाहिजे. दोन्ही गोष्टी जुळल्या की तो बुश डाव्या हाताला ट्रेमध्ये जातो आणि उजवा हात पुढच्या नगासाठी खोक्यात शिरतो. तपासलेला नग पुन्हा खोक्यात टाकून, खोके हलवून, ‘आता कोणता येतो पाहू’ म्हणणारा निरीक्षक कुणी पाहिलेला नाही. परत न ठेवणे ही गणिताने घातलेली अट नसून हाताची साधी रीत आहे. गणिताला ती रीत पाळायची असते, एवढेच.

पाळली तर काय होते? पहिला बुश चांगला निघण्याची संभाव्यता २० पैकी १६. तो ट्रेमध्ये गेला. आता खोक्यात १९ उरले आणि चांगले १५. मग १८ पैकी १४, १७ पैकी १३, १६ पैकी १२. हे पाच अपूर्णांक एकाखाली एक लिहून नुसते न्याहाळण्यासारखे आहेत: अंश आणि छेद दोघेही एकेक पायरी उतरतात, पण अंश लहान असल्यामुळे त्याला प्रत्येक पायरी जास्त जाणवते. म्हणजे चांगला बुश हाती लागण्याचा आनंद प्रत्येक वेळी थोडा थोडा महाग होत जातो. सदोष चौघे अजून आतच आहेत आणि त्यांच्याभोवतीची गर्दी मात्र विरळ होत चालली आहे. सुरुवातीला दर पाचांत एक असलेला सदोष बुश पाचव्या खेपेला दर चारांत एक झालेला असतो. पाचही अपूर्णांकांचा गुणाकार येतो ०.२८१७. हायपरजॉमेट्रिक वितरण नावाचे जे भारदस्त सूत्र पुस्तकात असते, १६ मधून ५ निवडण्याचे प्रकार ४३६८ आणि २० मधून ५ निवडण्याचे प्रकार १५५०४ यांचे गुणोत्तर, ते याच उतरत्या जिन्याचे संक्षिप्त रूप.

घाईतला विद्यार्थी मात्र ‘सदोष २० टक्के, म्हणजे चांगला निघण्याची संभाव्यता ०.८’ असे म्हणतो, त्याचा पाचवा घात करतो आणि ०.३२७७ लिहून मोकळा होतो. हे द्विपद वितरण. चूक लहान दिसते, पण तिची दिशा पहा: शंभर अशा खोक्यांपैकी प्रत्यक्षात सुमारे २८ निरीक्षकाच्या हातून निसटतील, तर द्विपद म्हणेल ३३. निरीक्षक आहे त्यापेक्षा आंधळा आहे, असे त्याला वाटते. का वाटते, याचे उत्तर मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत गोड भाग वाटतो.

द्विपद ज्या निरीक्षकाची कल्पना करतो, तो नग परत ठेवणारा आहे. त्यामुळे तोच नग पुन्हा हाती येऊ शकतो. २० नगांतून परत ठेवत ठेवत पाच वेळा काढले, तर पाचही वेळा वेगळेच नग निघण्याची संभाव्यता जेमतेम ०.५८ आहे, म्हणजे शंभरातल्या सुमारे ४२ खेपांत हा बिचारा निदान एक बुश दोनदा तपासत बसतो, आणि मघाशी गो-नो-गोतून पास झालेला बुश दुसऱ्यांदाही पासच होणार! सरासरी काढली, तर पाच तपासण्यांत तो साधारण साडेचारच वेगवेगळे नग पाहतो. आपला परत न ठेवणारा निरीक्षक पूर्ण पाच पाहतो. ०.३३ आणि ०.२८ यांच्यामधली फट म्हणजे त्या वाया गेलेल्या अर्ध्या नगाची किंमत.

खोके मोठे झाले, की ही फट आपोआप मिटते. २० ऐवजी २००० बुश आणि त्यांत ४०० सदोष घ्या. टक्केवारी तीच, नमुना पाचाचाच. आता उत्तर येते ०.३२७३. द्विपदाच्या ०.३२७७ च्या इतके जवळ, की वेगळे सूत्र वापरण्याचा हट्ट निरर्थक ठरावा. नमुना लॉटच्या दहाव्या हिश्शापेक्षा लहान असेल तर द्विपद चालेल, असा व्यवहारी नियम यातूनच आला. आपल्या खोक्यात नमुना लॉटचा चौथा हिस्सा आहे. तिथे तो नियम स्वतःच ‘नको’ म्हणतो. आणि टोकाला जाऊन पाहायचे तर सगळे २० बुश तपासा: चार सदोष सापडणारच, स्वीकृतीची संभाव्यता शून्य. ०.८ चा विसावा घात मात्र अजूनही शंभरात एकापेक्षा थोडी जास्त आशा दाखवत राहतो. उत्तर अशा टोकावर नेऊन पाहणे ही सूत्र चुकल्याचे ओळखण्याची साधी युक्ती आहे, आणि परीक्षेत तिला अर्धा मिनिटही लागत नाही.

आतापर्यंत आपण निरीक्षकाच्या खांद्यावरून पाहत होतो. आता जरा त्या चार सदोष बुशांच्या बाजूला जाऊन बसू. खोके स्वीकारले जावे, असे त्यांना वाटत असेल, तर चौघांनीही न तपासलेल्या १५ नगांत लपले पाहिजे. पहिल्याला लपायला २० पैकी १५ जागा. त्याने एक अडवली, दुसऱ्याला १९ पैकी १४. तिसऱ्याला १८ पैकी १३. चौथ्याला १७ पैकी १२. गुणाकार करा: पुन्हा ०.२८१७, दशांशाच्या शेवटच्या अंकापर्यंत तेच. मघाशी पाच अपूर्णांक होते, आता चारच पुरले. ‘कोण कोणाला निवडतो’ याची इथे अदलाबदल होते आणि हायपरजॉमेट्रिकला त्याने काही फरक पडत नाही. त्याच्या दृष्टीने खोके म्हणजे तपासलेले-न तपासलेले आणि चांगले-सदोष अशा दोन रेघांनी चार कप्प्यांत विभागलेला पट, आणि कोणती रेघ आधी ओढली हे पट विसरून जातो. द्विपदाला हे जमत नाही. त्याला सदोषांच्या बाजूने बसवले, तर तो ०.७५ चा चौथा घात म्हणजे ०.३१६४ सांगतो, मघाचे ०.३२७७ आणि आताचे ०.३१६४, एकाच खोक्याची दोन उत्तरे. गंमत अशी, की या दुसऱ्या बाजूने चुकलेला द्विपद खऱ्या उत्तराच्या थोडा अधिक जवळ आहे, कारण या बाजूला त्याला पाच नव्हे, चारच वेळा चुकायची संधी मिळाली.

परत ठेवले की नाही, याने मोठमोठ्यांनाही चकवले आहे. क्रिस्टियान ह्युगेन्सने १६५७ साली छापलेल्या आपल्या छोट्या पुस्तिकेच्या शेवटी काही प्रश्न वाचकांसाठी सोडले. त्यांतल्या एकात १२ चकत्या, ४ पांढऱ्या आणि ८ काळ्या, आणि तिघे खेळाडू आळीपाळीने डोळे झाकून एकेक काढणार. पहिल्यांदा पांढरी काढील तो जिंकला. पुढे ह्युगेन्स आणि योहानेस हुद्दे यांची उत्तरे जुळेनात. चकती परत ठेवली, तर तिघांच्या संधी ९ : ६ : ४, न ठेवली, तर ७७ : ५३ : ३५. दोघांचे वाचनच वेगळे होते. आपला प्रश्न लिहिणाऱ्याने तीन शब्द खर्चून ती पळवाट बंद केली आहे, म्हणून त्याचे कौतुक.

‘यादृच्छिकपणे’ या शब्दावर फार रेंगाळत नाही; एवढेच, की निरीक्षक वरच्या थरातले हाताशी येणारे पाच उचलत असेल आणि शेवटी बनलेले बुश वर असतील, तर ही दोन्ही सूत्रे बाजूला ठेवावीत.

एक शब्द मात्र मी मुद्दाम मागे ठेवला होता: ‘आहेत’. ‘त्यांपैकी ४ सदोष आहेत.’ याच्या जागी ‘या यंत्रातून शेकडा २० बुश सदोष येतात, आणि अशा २० बुशांचे हे खोके’ असे लिहून पहा; बाकीचा प्रश्न, परत न ठेवण्यासकट, तसाच राहू द्या. आता प्रत्येक बुश यंत्रातून बाहेर पडताना स्वतंत्रपणे चांगला किंवा वाईट ठरलेला आहे. या खोक्यात सदोष चार असतील, दोन असतील, सातही असतील. पहिला बुश चांगला निघाला म्हणून उरलेल्यांत चौघे दाटीने उभे आहेत, असे म्हणण्याला आधारच उरत नाही, कारण चौघे मोजून आत ठेवले कुणी? यंत्रातून निघालेल्या कोणत्याही पाच बुशांसारखेच हे पाच, मधे खोके आले काय आणि नाही काय. उत्तर ०.३२७७, आणि तेही अचूक, जवळपासचे नव्हे. मघाशी ज्याच्या वहीवर लाल फुली मारली, तो घाईतला विद्यार्थी या वाक्याला पूर्ण गुण मिळवतो. नमुना-तपासणीच्या शास्त्रात यांना प्रकार ‘अ’ आणि प्रकार ‘ब’ असे वेगळे मानतात: पहिला समोरच्या लॉटविषयी बोलतो, दुसरा तो लॉट ज्या प्रक्रियेतून आला तिच्याविषयी. पहिल्यात हायपरजॉमेट्रिक, दुसऱ्यात द्विपद.

म्हणजे ज्या ‘परत न ठेवता’वर आपण एवढा वेळ लुब्ध होतो, ते एकटे काहीच ठरवत नव्हते. त्याला अर्थ आला तो आधीच्या वाक्यातल्या ‘४’ आणि ‘आहेत’मुळे, खोक्यातली शिल्लक ठाऊक होती, म्हणून एक नग बाहेर गेल्याची नोंद उरलेल्यांवर उमटली. ‘आहेत’च्या जागी ‘येतात’ आले आणि ०.२८१७ चे ०.३२७७ झाले; खोके तेच, हात तोच, आणि ट्रेमध्ये जाणारे बुशही तेच पाच.