ही गोष्ट सांगतंय तरी कोण?

मंगेश पाडगावकरांचं, अरुण दातेंनी गायलेलं ‘भातुकलीच्या खेळामधली’ तुम्ही ऐकलं असेलच. आज ते गाणं पुरावा तपासावा तसं वाचू.

राजा म्हणतो, मला शब्दांशिवायची भाषा कळते. राणीच्या हातावरच्या रेषांत त्याला स्वतःचं नशीब दिसतं. पुढे ती दूरच्या ताऱ्याकडे बघत, उद्यापासून आपली वाट वेगळी, हे चक्क शब्दांत सांगते. आणि नेमकं तेच त्याला उशिरा कळतं! म्हणजे त्या रेषा प्रेमाचं नाही, चुकीच्या वाचनाचं प्रतीक ठरतात.

मग निवेदकावर किती विश्वास ठेवायचा? राणीचं त्याला बाहेरूनच दिसतं: नजर, पाणी, मिटलेले डोळे. राजाला काय कधी कळलं, हे मनातलं मात्र ठाऊक आहे. भातुकलीत आपण स्वतःच राजा बनतो, तसा हा निवेदकच राजा असेल का?

पण थांबा. शेवटी तो राजाचा श्वास का कोंडला, हेही विचारतो. स्वतःचं कारण स्वतःला माहीत नसेल? हा पुरावा माझ्या गृहीतकाविरुद्ध जातो. तो लपवायचा नाही; निष्कर्षात ‘सिद्ध’ऐवजी ‘शक्य’ लिहायचं.