जव की जवस? : खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील मजकुराचे वाचन

मुद्रितशोधनाची चर्चा आपल्याकडे बहुधा पुस्तकांच्या अंगाने होते. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरे यांवर वाद झडतात आणि ते झडावेतही. परंतु कादंबरीत ‘पाणि’ असे छापले गेले तरी वाचकाला तहान लागलेल्या माणसाने काय प्यायले हे कळते. आजूबाजूची वाक्ये चूक सावरून घेतात. खाद्यपदार्थाच्या पाकिटामागच्या मजकुराला असा शेजार नसतो. तेथे वाक्येच नसतात. स्वल्पविरामांनी तोडलेली नामे असतात, एक-दोन आकडे, एक तारीख आणि एखादी सूचना. त्यातला एक शब्द चुकला तर उरलेला मजकूर त्याच्या मदतीला येत नाही. पुस्तकांबरोबरच अशा मजकुराचे शोधन मी अनेक वर्षे करते आहे. त्या अनुभवातून झालेले माझे मत असे : येथे घातक ठरते ती अशुद्ध शब्दाची चूक नव्हे, तर शुद्ध लिहिलेल्या दुसऱ्याच शब्दाची.

हे मत एका पाकिटाच्या आधारे तपासून पाहू. फराळाचे पदार्थ करणाऱ्या एका लहान उद्योगाच्या चकलीचा हा मजकूर. भाजणीत जवस घातलेली चकली, पाकीट २५० ग्रॅमचे. छपाईपूर्वी माझ्यापुढे आलेल्या प्रतीत घटकांची मराठी यादी अशी होती : ‘तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, जव, तीळ, तिखट, मीठ, ओवा, हिंग, पामोलीन तेल.’ यात अशुद्ध असे काहीही नाही. शुद्धलेखनाच्या कोणत्याही नियमाने ही यादी निर्दोष ठरेल.

पण ‘जव’ म्हणजे बार्ली, आणि ‘जवस’ म्हणजे अळशी. एक तृणधान्य, दुसरी तेलबी. जवात ग्लुटेन असते, जवसात नसते. अरुंद रकान्यात शब्द ओळीच्या टोकाशी आला, तुटला आणि ‘स’ गळाला. एवढ्याने घटक बदलला. या पाकिटात चूक त्यातल्या त्यात निरुपद्रवी दिशेने झाली होती : ग्लुटेन न चालणाऱ्या माणसाने उगाच पाकीट बाजूला ठेवले असते. उलट झाले असते, म्हणजे जव घातलेल्या पदार्थावर ‘जवस’ छापले असते, तर त्याच माणसाने ते विश्वासाने खाल्ले असते. सीलिअ‍ॅक विकार असलेल्याच्या आतड्याला ग्लुटेनची अल्प मात्राही इजा करते.

येथे कोणी म्हणेल की पाकिटावर इंग्रजी यादीही असतेच, तिच्याशी ताडून पाहावे. मी पाहिले. इंग्रजी यादीत ‘बार्ली’ होते. भाषांतरकाराने मराठी यादीवरूनच काम केले होते, त्यामुळे चूक दोन्ही भाषांत एकमताने उभी होती. दोन भाषा जुळतात म्हणून मजकूर बरोबर, असे मानण्यातला धोका हाच. यादी पडताळायची ती दुसऱ्या यादीशी नव्हे, तर प्रत्यक्ष पदार्थाच्या कागदाशी : कोणता जिन्नस किती किलो घेतला याची स्वयंपाकघरात ठेवलेली नोंद. तो कागद मिळाल्याखेरीज मी पाकिटाचा मजकूर वाचायला घेत नाही. तो हाती नसेल तर होते ते केवळ शुद्धलेखन.

मराठीत अशी जोडशब्दांची दाटी बरीच आहे. ‘डाळ’ आणि ‘डाळं’ यांत केवळ अनुस्वाराचा फरक आहे, पण चिवड्यातले डाळं म्हणजे भाजलेले फुटाण्याचे डाळे. ‘राई’ म्हणजे मोहरी. पण इंग्रजीतून मजकूर येताना ‘राय’ या ग्लुटेनयुक्त धान्याचेही कोणी ‘राई’ करून टाकतो. मराठीत सातू म्हणजे जव, आणि हिंदीतले सत्तू बहुधा भाजलेल्या हरभऱ्याचे. आपण नुसते ‘दाणे’ म्हणतो तेव्हा शेंगदाणेच अभिप्रेत असतात. हिंदीभाषक ते वाचून कसले दाणे असे विचारील. म्हणून या कामात मी जुनी दोघांची पद्धत वापरते. एकजण मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा छापील प्रतीवर बोट ठेवतो. कानाला न कळणारे फरक वाचणाऱ्याने उच्चारून सांगायचे : ‘डाळं, ळ वर अनुस्वार’. आकडे अंकाअंकाने : ‘दोन, पाच, शून्य’.

यादीतली दुसरी चूक क्रमाची होती. पाककृतीत जिन्नस वापराच्या क्रमाने येतात, तेल तळणीच्या वेळी लागते म्हणून ते शेवटी. पाकिटावर मात्र नियमाप्रमाणे वजनाच्या उतरत्या क्रमाने यायला हवेत. तेल शेवटी लिहिले की वाचणारा समजतो, हिंगापेक्षाही कमी. हे ओळखण्याची खूण त्याच पाकिटावर होती. पोषणाच्या तक्त्यात शंभर ग्रॅममागे ३२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ छापले होते. तांदूळ आणि डाळींत स्निग्धांश थोडाच. तीळ आणि जवस मिळून शंभरात सात ग्रॅम, त्यांतून फार तर तीन-साडेतीन ग्रॅम यायचे. उरलेले सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम कढईतून चकलीत आलेले पामोलीन. म्हणजे तेलाची जागा तांदळानंतर लगेच, दुसरी. पाकिटाची एक बाजू दुसऱ्या बाजूला खोटे पाडत होती आणि दोन्ही बाजू स्वतंत्रपणे शुद्ध होत्या.

वजनाच्या ओळीत ‘वजन : अंदाजे २५० ग्रॅम’ असे होते. लिहिणाऱ्याचा हेतू प्रामाणिक होता. हाताने भरलेले पाकीट दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होणारच. पण वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत ‘अंदाजे’, ‘सरासरी’, ‘किमान’ या जातीच्या शब्दांना निव्वळ वजनाशेजारी मज्जाव आहे, आणि त्यामागचा विचार समजण्याजोगा आहे. माणसाच्या हाताची चूक नियमाने आधीच हिशेबात धरलेली आहे : २५० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात ९ ग्रॅमपर्यंतची तूट सहन केली जाते, मात्र तपासलेल्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनाखाली जाता कामा नये. ‘अंदाजे’ लिहिणारा ती सवलत दुसऱ्यांदा मागत असतो. नुसते ‘वजन’ही अपुरे आहे. ‘निव्वळ वजन’ म्हटले की पिशवी आणि आतला प्लास्टिकचा ट्रे वगळला जातो. आणखी एक बारीक गोष्ट : वजनाचे अंक आंतरराष्ट्रीय रूपातले हवेत, देवनागरी नव्हेत. मला देवनागरी अंकांचे प्रेम आहे, पण शाईचे ठिपके मारणाऱ्या यंत्राने फुगीर पिशवीवर उमटवलेले १ आणि ९ मी पाहिले आहेत. तारखेच्या बाबतीत तो फरक आठ महिन्यांचा होऊ शकतो.

तारखेच्या शब्दांत तर भाषेचाच प्रश्न आहे. इंग्रजीत दोन वेगळ्या कल्पना आहेत. एक तारीख सांगते की तोवर चव, कुरकुरीतपणा उत्तम राहील, नंतर तो उणावेल. दुसरी सांगते की यानंतर विकू नका, खाऊ नका. आपल्याकडे २०२० च्या लेबलविषयक नियमांनी दुसरी सक्तीची केली आणि पहिली ऐच्छिक. चकलीच्या पाकिटावर इंग्रजीत दुसरी कल्पना होती आणि मराठीत ‘पूर्वी सर्वोत्तम’. हे इंग्रजी शब्दांचे शब्दशः उलथापालथ केलेले रूप असून त्याला मराठीत अर्थच लागत नाही. आणि जो काही लागतो तो चुकीच्या कल्पनेचा. मी सुचवले : ‘या तारखेपर्यंतच खावे’. ‘पूर्वी’ म्हटले की तो दिवस वगळला जातो, ‘पर्यंत’ म्हटले की धरला जातो. तसेच ‘उघडल्यानंतर हवाबंद डब्यात ठेवून १० दिवसांत संपवावे’ ही ओळ तारखेला चिकटून छापली होती. वाचणाऱ्याला वाटले असते की पाकिटाची मुदतच दहा दिवसांची. तिला स्वतंत्र ओळ द्यावी लागली.

शेवटची ओळ सूचनेची : ‘गहू, शेंगदाणे असू शकतात.’ ‘असू शकतात’ हे क्रियापद दिसायला सावध आहे. पण ते केवळ एकाच परिस्थितीत खरे असते : जिन्नस घातलेला नाही, पण त्याच यंत्रावरून काही कण येण्याचा संभव आहे. शेंगदाण्यांबाबत ते खरे होते. त्याच चक्कीवर दाण्याची चटणी दळली जाई. गव्हाबाबत मात्र नाही. यादीत गहू कोठेच नव्हता, मग सूचनेत का आला, असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘खबरदारी म्हणून.’ मी हिंगाचा डबा मागवला. बाजारातला बांधणी हिंग शुद्ध राळ नसतो. त्यात डिंक आणि पीठ असते, बहुधा मैदा. या डब्यावर मैदा लिहिलेला होता. म्हणजे चकलीत गहू असू शकत नव्हता. तो होताच, चिमूटभर का होईना. घटकाचे प्रमाण किरकोळ असले तरी गव्हाचा उल्लेख टळत नाही. दुरुस्त ओळ दोन वाक्यांची झाली : ‘यात गहू आहे (हिंगातील). शेंगदाण्याचे अंश असू शकतात.’ तीळ आपल्या अ‍ॅलर्जीच्या यादीत नाहीत, परंतु युरोपात आणि २०२३ पासून अमेरिकेतही आहेत. दिवाळीचा फराळ परदेशी विकायचा असेल तर हे पाकीट तेथे अपुरे ठरेल.

या सगळ्या चुका एका व्यवस्थेतून येतात, आणि माझा आक्षेप तिच्यावर आहे. नियमाला इंग्रजी किंवा हिंदी पुरते. मराठी मजकूर हा जादा. तो मूळ मजकुराशी विसंगत नसावा, एवढीच अट. जादा असल्याने तो शेवटी लिहिला जातो, उरलेल्या जागेत बसवला जातो आणि कोणी वाचत नाही. प्रत्यक्षात मात्र, घरातल्या ज्या माणसाला पथ्य सांभाळायचे असते ते पुष्कळदा तेवढाच मजकूर वाचते. भाषेच्या अभिमानापोटी पाकिटावर मराठी हवी असे आपण म्हणतो. ती हवीच. पण स्वयंपाकघरातला वजनांचा कागद आणि हिंगाचा डबा समोर ठेवून लिहिलेली मराठी हवी. तशी लिहायची तयारी नसेल, तर ती ओळ कोरी राहिलेली बरी. कोरी ओळ निदान कोणाला जवाऐवजी जवस सांगत नाही.